लेक्चरच्या ट्रान्सक्रिप्टपासून अभ्यासपुस्तिका: कोणता विषय आधी, कोणता नंतर, हे आम्ही कसं ठरवतो

राजारामपुरीतल्या आमच्या छोट्या कार्यालयात विद्यार्थी लेक्चरची रेकॉर्डिंग किंवा त्यांची ट्रान्सक्रिप्ट घेऊन येतात आणि म्हणतात, "यातून नीट नोट्स काढून द्या." आम्ही नुसत्या नोट्स काढत नाही. लेक्चरमधला मजकूर आम्ही अशा क्रमाने लावतो की कोणतंही पान वाचताना लागणारी गोष्ट त्याच्या आधीच्या पानांवर येऊन गेलेली असेल. हे काम कसं चालतं, त्यात चुका कुठे होतात आणि ते कुठे थांबतं, हे आमच्याकडे काम देण्याआधी तुम्हाला कळावं म्हणून हे पत्रक. त्यासाठी आमच्याकडे झालेलं एकच काम सविस्तर सांगतो.

सोळा लेक्चर आणि एक गणित

इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाच्या काही मुलांनी स्ट्रेंग्थ ऑफ मटेरियल्सची 16 लेक्चर आणली. सर चांगले शिकवणारे. अडचण क्रमाची होती. सेंट्रॉइड आणि मोमेंट ऑफ इनर्शिया दुसऱ्या लेक्चरला झालं, आणि त्याचा पहिला खरा उपयोग बेंडिंगच्या सूत्रात, म्हणजे थेट दहाव्या लेक्चरला आला. मधल्या आठवड्यांत मुलं ते विसरून गेली. यात सरांचा दोष नाही. वर्गात अभ्यासक्रमाचा कागद, सुट्ट्या, प्रॅक्टिकलच्या बॅचेस या सगळ्यांना धरून शिकवावं लागतं. एकट्याने घरी बसून वाचणाऱ्याला मात्र तोच क्रम पाळायचं काही कारण नाही.

आम्ही पहिल्या लेक्चरपासून वाचायला सुरुवात करत नाही. आधी परीक्षेत येतं तसं एक गणित घेतो आणि त्याच्या उत्तरापासून मागे चालत जातो. या वेळचं गणित असं होतं: दोन्ही टोकांना नुसता टेकलेला 4 मीटरचा बीम, त्याच्या पूर्ण लांबीवर मीटरला 10 किलोन्यूटन भार, काटछेद 150 मिमी रुंद आणि 300 मिमी उंच. सर्वांत जास्त बेंडिंग स्ट्रेस किती?

```
M = wL²/8 = 10 × 4² / 8 = 20 kN·m
I = bd³/12 = 150 × 300³ / 12 = 337500000 mm⁴
y = 300 / 2 = 150 mm
σ = M·y / I = 20000000 × 150 / 337500000 = 8.89 N/mm²
```

आता मागे चला. शेवटच्या ओळीला M, y आणि I लागतात. M साठी बेंडिंग मोमेंट, त्यासाठी शिअर फोर्स, त्यासाठी टेकूंच्या रिॲक्शन आणि त्यासाठी समतोलाची समीकरणं. I साठी सेंट्रॉइड. आणि M, I, y एकमेकांशी याच नात्यात का आहेत हे समजायला हूकचा नियम, म्हणजे स्ट्रेस, स्ट्रेन आणि E. एका गणिताने तीन फांद्या दाखवल्या, आणि त्या शेवटच्या ओळीत येऊन मिळतात. अशी आठ-दहा गणितं उलटी चालून झाली की लेक्चरमधल्या जवळपास सगळ्या मुद्द्यांचा नकाशा तयार होतो. या कामात तो चाळीसेक मुद्द्यांचा झाला.

खरी कडी आणि खोटी कडी

"अ आल्याशिवाय ब कळत नाही" या नात्याला आम्ही कडी म्हणतो. सगळ्या कामाचा भरवसा कड्यांवर आहे, आणि इथेच सर्वांत जास्त चुका होतात.

पहिली चूक म्हणजे आधी शिकवलं ते सगळं गरजेचं मानणं. या लेक्चरमध्ये पॉइसन्स रेशो तिसऱ्या दिवशी आला आणि बेंडिंग दहाव्या. पण वरच्या गणितात पॉइसन्स रेशो कुठेच लागत नाही. तो पुढे E आणि G यांचं नातं सांगताना लागतो. म्हणून त्याची कडी तिकडे जोडली, बेंडिंगला नाही.

दुसरी चूक उल्लेखाची. सर बेंडिंग मोमेंट समजावताना म्हणाले, "पान्याने नट फिरवताना काय होतं, आठवतंय ना?" ते उदाहरण टॉर्शनच्या लेक्चरमधलं. म्हणून बेंडिंगला टॉर्शन लागतं का? लागत नाही. हे ओळखायची आमची पद्धत साधी आहे: आधीचा मुद्दा पूर्ण झाकायचा आणि नंतरचं स्पष्टीकरण ओळीने वाचायचं. एखादी ओळ तिथेच अडली तर कडी खरी. फक्त उदाहरण फिकं पडलं तर ती सैल कडी. सैल कडी आम्ही समासात नोंदवतो, पण क्रम तिच्यावर ठरवत नाही.

तिसरी चूक सर्वांत फसवी: नाव एक, गोष्टी दोन. मुलांनी फिजिक्समध्ये "मोमेंट ऑफ इनर्शिया" वाचलेला असतो, तो वस्तुमानाचा आणि त्याचं एकक किलोग्रॅम मीटर वर्ग. बीममधला I क्षेत्रफळाचा आहे आणि त्याचं एकक मिलिमीटरचा चौथा घात. नाव तेच असल्यामुळे एका मुलाने आपल्या नोट्समध्ये दोन्ही एकाच मथळ्याखाली लिहून ठेवले होते. पुस्तिकेत आम्ही त्यांच्यात कडी जोडली नाही. उलट "हा तो नव्हे" अशी एक ओळ मुद्दाम टाकली.

कड्या गोल फिरल्या तर

कड्या मिळाल्या की क्रम लावायचं काम संगणक क्षणात करतो. या पद्धतीला टोपोलॉजिकल सॉर्टिंग म्हणतात. आर्थर कान यांनी 1962 मध्ये ती मांडली आणि तिची कल्पना सोपी आहे: ज्या मुद्द्याला आधी काहीच लागत नाही तो उचलून यादीत ठेवा, त्याच्यापासून निघणाऱ्या कड्या पुसा, मग पुन्हा तसाच मोकळा झालेला मुद्दा शोधा. लिनक्सवर त्यासाठी `tsort` ही आज्ञा तयार असते. प्रत्येक ओळीत दोन नावं लिहायची, आधीचं आणि नंतरचं:

```
न्यूट्रल-ॲक्सिस मोमेंट-ऑफ-इनर्शिया
मोमेंट-ऑफ-इनर्शिया बेंडिंग-सूत्र
बेंडिंग-सूत्र न्यूट्रल-ॲक्सिस
```

या तीन ओळी दिल्या की `tsort` तक्रार करतं: `input contains a loop`. आणि तक्रार बरोबर आहे. दुसऱ्या लेक्चरला सर म्हणाले, "I हा न्यूट्रल ॲक्सिसभोवती काढायचा." दहाव्या लेक्चरला बेंडिंगच्या सूत्रात I वापरला. आणि न्यूट्रल ॲक्सिस सेंट्रॉइडमधूनच का जातो, हे बेंडिंगच्या सिद्धतेत दाखवलं. तिन्ही वाक्यं आपापल्या जागी खरी आहेत, पण एकत्र ठेवली की सुरुवात कुठूनच करता येत नाही. मुलं म्हणत होती, "सर, नक्की काय आधी ते कळंना," ते अगदी रास्त होतं.

अशा वेळी एखादी कडी नुसती तोडून टाकणं हा सोपा मार्ग, पण तो आम्ही घेत नाही. तोडलेल्या जागी वाचणारा नेमका अडतो. बहुतेक वेळा एका नावाखाली दोन मुद्दे दडलेले असतात, ते वेगळे करावे लागतात. इथे "मोमेंट ऑफ इनर्शिया" शुद्ध भूमितीचा मुद्दा केला: सेंट्रॉइडमधून जाणाऱ्या अक्षाभोवती आयताचा I म्हणजे bd³/12. यात बीम नाही, भार नाही आणि न्यूट्रल ॲक्सिस हा शब्दही नाही. "न्यूट्रल ॲक्सिस"चे दोन तुकडे केले. एक त्याची व्याख्या: ज्या थरात ताण नाही आणि दाबही नाही तो. दुसरा त्याची जागा. मग क्रम सरळ झाला. बीम वाकतो तेव्हा सपाट काटछेद सपाटच राहतो असं धरतो, म्हणून स्ट्रेन त्या थरापासूनच्या अंतराच्या प्रमाणात वाढतो. हूकच्या नियमाने स्ट्रेसही तसाच वाढतो. बीमवर लांबीच्या दिशेने बाहेरचं बल नाही, म्हणून सगळ्या काटछेदावरच्या स्ट्रेसची बेरीज शून्य. ही बेरीज शून्य व्हायला तो थर सेंट्रॉइडमधूनच जावा लागतो. आणि त्याच स्ट्रेसचे मोमेंट मिळवले की भूमितीत काढलेला I आपोआप समोर येतो. ही पाच वाक्यं 16 लेक्चरमध्ये होती, पण तीन वेगवेगळ्या दिवशी. ट्रान्सक्रिप्ट हाताशी होतं म्हणून ती शोधून एका पानावर आणता आली.

दोन बरोबर क्रमांतून एक निवडणं

कड्या पाळणारा क्रम एकच नसतो. रिॲक्शनपासून बेंडिंग मोमेंटपर्यंतची फांदी आणि सेंट्रॉइडपासून I पर्यंतची फांदी एकमेकींवर अवलंबून नाहीत, कोणतीही आधी चालेल. संगणक यातली एक कशीही उचलतो. आम्ही लांब फांदी आधी आणि आखूड फांदी तिच्या उपयोगाला लागून ठेवतो, म्हणजे काढलेला I पुढच्याच पानावर कामाला येतो. या मुलांना सर्वांत जास्त उपयोग याच एका बदलाचा झाला, असं आम्हाला वाटतं.

ट्रान्सक्रिप्टचं दुखणं

यंत्राने लिहिलेल्या ट्रान्सक्रिप्टमध्ये सूत्रांची वाट लागते. y च्या जागी `why` येतं, I च्या जागी `eye`, आणि "मोमेंट"चं कुठेतरी "मूव्हमेंट" होतं. हे दुरुस्त केल्याशिवाय शब्द शोधून कड्या काढल्या तर अर्धा I हरवतो. म्हणून प्रत्येक लेक्चर एकदा कानांनी ऐकून सूत्रांची वाक्यं हाताने सुधारतो. "हे इथून इथे गेलं की हे झालं" असं फळ्याकडे बोट दाखवून बोललेलं वाक्य मात्र आम्हालाही उलगडत नाही. तिथे तुमच्या वहीचा फोटो लागतो.

"हे तुमचं आधीच झालंय" असं सर म्हणतात ती जागा आम्ही लाल खुणेने दाखवतो. या कामात अशा दोन जागा होत्या: इंटिग्रेशन आणि बिंदूभोवतीचा मोमेंट. लेक्चरमध्ये जे शिकवलंच नाही ते आम्ही आमच्या पदरचं लिहीत नाही. पुस्तिकेच्या पहिल्या पानावर "हे बाहेरून आणा" म्हणून त्याची नोंद करतो.

प्रत्येक मुद्द्यापुढे लेक्चरचा क्रमांक आणि मिनिट छापलेलं असतं, म्हणजे शंका आली तर सरांच्याच तोंडून ऐकता येतं. शेवटची तपासणी ज्याने तो विषय घेतलेला नाही अशा माणसाकडून होते. तो वाचत जातो आणि पहिल्या न कळलेल्या शब्दावर थांबून खूण करतो. त्या शब्दाचं पान पुढे असेल तर आमची एक कडी सुटलेली असते. या कामात अशा तीन सापडल्या. त्यांतली एक "सेक्शन मॉड्युलस"ची होती: I भागिले y हे आम्ही आधी वापरलं होतं आणि त्याची व्याख्या दोन पानं पुढे होती.

येताना काय आणाल

सगळ्या लेक्चरचं रेकॉर्डिंग, ट्रान्सक्रिप्ट असेल तर तेही, वहीतल्या आकृत्यांचे फोटो आणि गेल्या दोन-तीन वर्षांच्या प्रश्नपत्रिका. प्रश्नपत्रिका नसतील तर मागे चालायला गणितंच मिळत नाहीत, म्हणून त्या विसरू नका. शिक्षकांची परवानगी घेतलेली असावी, त्याशिवाय आम्ही रेकॉर्डिंग उघडत नाही. काम हाती घेतल्यावर पहिल्या आठवड्यात तुम्हाला फक्त कड्यांचा नकाशा दाखवतो. तो शक्य असेल तर तुमच्या सरांनाही दाखवा. त्यांनी एखादी कडी खोडली तर आम्ही ती विनाशुल्क बदलतो, आणि मगच पुस्तिका लिहायला घेतो.