सामूहिक महिम्नपाठाची संहिता : विरामखुणा आल्या कुठून?

श्रावणी सोमवारी किंवा महाशिवरात्रीला गोव्यात एखाद्या देवळात शिवमहिम्न सगळ्यांनी मिळून म्हणायचं ठरलं, की तालमीत पहिला श्लोक बरा जातो आणि दुसऱ्यात लोक फुटतात. कोणी पुढे, कोणी मागे, मधेच एक गट श्वास घ्यायला थांबलेला. दोष सरावाच्या अभावाला दिला जातो. माझ्या मते अर्धा दोष हातातल्या पानाचा आहे. ते पान समूहाने मोठ्याने म्हणण्यासाठी कधी तयारच झालं नव्हतं.

हे स्तोत्र जुनं आहे. ओंकार मांधात्याच्या अमरेश्वर मंदिरात ते कोरलेलं आहे आणि तो लेख इ.स. १०६३ चा मानतात. जुन्या हस्तलिखितांत अक्षरं सलग, शब्दांत मोकळी जागा नाही. खूण एकच, दंड. अर्ध्या श्लोकाला एक, पूर्ण श्लोकाला दोन. श्वास कुठे घ्यायचा, शब्द कुठे तुटतो, हे गुरूच्या तोंडून शिष्याच्या कानात जायचं. पाणिनीय शिक्षा या उच्चारशास्त्राच्या ग्रंथात अधम पाठकांचे सहा प्रकार सांगितलेत, त्यात ‘लिखितपाठक’, म्हणजे लिहिलेलं बघून म्हणणारा, चक्क यादीत आहे. (या हिशोबाने आज आपण सगळेच त्यात आलो.) पण तिथेच चांगल्या पाठकाच्या गुणांत ‘पदच्छेद’ही आहे. पद सुटं ऐकू आलं पाहिजे ही अपेक्षा होती, फक्त ती कागदावर नोंदलेली नव्हती.

मग छपाई आली. भारतातला पहिला छापखाना १५५६ साली गोव्यातच आला, पण देवनागरी स्तोत्रांना त्याचा उपयोग झाला नाही. फादर स्टीफन्सचं मराठी ओवीबद्ध क्रिस्तपुराणसुद्धा १६१६ साली राशोलला रोमन लिपीत छापलं गेलं. संस्कृत स्तोत्रांची सुबक छपाई पुढे मुंबईच्या निर्णयसागरने केली, तो छापखाना १८६९ चा. छापील पुस्तकाने एक मोठा बदल केला: प्रत्येक चरणाला स्वतंत्र ओळ दिली. दिसायला छान, पण डोळा ओळीच्या टोकाला आला की तोंड आपोआप थांबतं. दंड नसलेल्या जागी नवा थांबा तयार झाला.

दुसऱ्या श्लोकाची गोची इथेच आहे. छापील ओळी अशा दिसतात:

अतीतः पन्थानं तव च महिमा वाङ्मनसयो-
रतद्व्यावृत्त्या यं चकितमभिधत्ते श्रुतिरपि।

मूळ पदं ‘वाङ्मनसयोः’ आणि ‘अतद्व्यावृत्त्या’. संधीत विसर्गाचा र झाला आणि छापताना तो खालच्या ओळीत गेला. आता अर्ध्या लोकांनी ‘यो’वर श्वास घेतला, की उरलेले ‘रतद्’ असा अर्थहीन शब्द सुरू करतात. न थांबता जायचं म्हटलं तर अर्धा श्लोक म्हणजे ५० मात्रा. संथ लयीत वयस्क माणसाचा दम तेवढा पुरत नाही.

उपाय वृत्ताच्या हिशोबात सापडतो. महिम्नाचे पहिले २९ श्लोक शिखरिणी वृत्तात आहेत: चरणात १७ अक्षरं, यती, म्हणजे चरणातली टेकायची जागा, सहाव्या अक्षरानंतर. वरचा संधी सोडवून ‘वाङ्मनसयोः, अतद्व्यावृत्त्या’ असं लिहिलं तर अक्षरं तेवढीच राहतात, कारण र फक्त जोडणारं व्यंजन होतं. वृत्त शाबूत, श्वासाला जागा, पद सुटं. पहिल्या श्लोकातल्या ‘स्तुतिर्ब्रह्मादीनामपि’चंही तसंच. यती ‘ना’नंतर येते आणि म पुढे ढकलला जातो. ‘स्तुतिर्ब्रह्मादीनाम् / अपि’ असं लिहिलं की झालं. सातव्यातलं ‘वैचित्र्यादृजु’ हे ‘वैचित्र्यात् / ऋजु’ होतं.

पण हा नियम सगळीकडे लावला तर घात होतो. पाचव्या श्लोकात ‘अतर्क्यैश्वर्ये त्वय्यनवसरदुःस्थो’ आहे. यती ‘त्व’नंतर येते. इथे ‘त्वयि / अनवसर’ असं सोडवलं तर यतीच्या आधी सहाऐवजी सात अक्षरं होतात आणि चाल कोलमडते. इथे दोन स्वरांची जागा एकाच अक्षराने घेतली आहे, ती परत देता येत नाही. म्हणून संहितेत व्यंजनाचा किंवा विसर्गाचा संधी यतीवर उघडायचा. स्वराचा संधी असेल तिथे खाली चाप काढून न थांबता पुढे न्यायचं. थांबण्या-जोडण्याच्या खुणा तीनच पुरतात: यतीला तिरकी रेघ, म्हणजे आवाज किंचित टेकवायचा पण श्वास नाही, श्वासाला ओळीच्या वर स्वल्पविराम, आणि हा चाप. याहून जास्त चिन्हं घातली की लोक पान वाचायला लागतात आणि शेजाऱ्याचा आवाज ऐकायचं सोडतात.

आपल्याकडची एक खास अडचण उच्चाराची. घरात कोंकणी, पुस्तकातला अर्थ मराठीत, स्तोत्र संस्कृतात. कोंकणी-मराठी जिभेला मधला आणि शेवटचा अ गिळायची सवय असते. ‘हर निरपवादः’चं ‘हर् निर्पवादः’ होतं आणि दोन अक्षरं गायब. शिखरिणीत यतीनंतर ओळीने पाच लघू येतात, नेमकी तिथेच ही गळती होते आणि गट पुढे धावतो. ओळखायची खूण म्हणजे चरणाचं शेवटचं अक्षर एकत्र न पडता विस्कटून पडतं. फक्त अशा जागी त्या तीन खुणांखेरीज संहितेत ‘ह·र·नि·र·प’ असे ठिपके घालतात.

ओळी वाटून घेण्याची पद्धत मात्र गोव्याला नवी नाही. भजनात बुवाने ओळ टाकायची आणि बाकीच्यांनी उचलायची. चर्चमध्येही समोरासमोरच्या दोन बाजूंनी स्तोत्राच्या ओळी आळीपाळीने म्हणायची जुनी रीत आहे, तिथल्या पुस्तकांत ओळीच्या मध्यावर विरामासाठी तारका छापतात. महिम्नात ही वाटणी करताना हटकून होणारी चूक म्हणजे एक चरण उजव्या बाजूला, पुढचा डावीला. मग दुसरा गट तोच अनाथ ‘र’ घेऊन उठतो. वाटणी दंडावर करावी, अर्धा श्लोक इकडे, अर्धा तिकडे. जुन्या लेखकांनी खूण केली ती एवढीच जागा.

अपवाद तिसाव्या श्लोकाचा. तिथे वृत्त बदलून हरिणी होतं, यती सहा, चार आणि सात अक्षरांवर. ‘बहलरजसे / विश्वोत्पत्तौ / भवाय नमो नमः’. चारही चरणांचा शेवट ‘नमो नमः’. इथे पहिले दोन तुकडे एकाने म्हणावेत आणि शेवटची सात अक्षरं सगळ्यांनी: भवाय, हराय, मृडाय, शिवाय. २९ श्लोक एकाच चालीत म्हटल्यावर समूह इथे हमखास जुन्या लयीत घुसतो, आणि एकट्याच्या आवाजाने तो आवरला जातो. पुढच्या श्लोकापासून मालिनी, यती आठव्या अक्षरावर. तिथेही पहिला चरण एकट्यानेच उचलायचा, बाकीच्यांनी दुसऱ्यापासून मिसळायचं. पस्तिसाव्यापासून फलश्रुतीचे बहुतेक श्लोक साधे अनुष्टुभ, त्यांना दंड सोडून कुठलीच खूण लागत नाही.