पाठ दाबली की ढेकर येतो, मग गॅस पाठीत असतो का?

आमच्याकडे अमळनेर साईडला हा प्रकार घरोघरी बघायला मिळतो. मावशीला जेवल्यावर पोट जड वाटायला लागलं की ती खाटेवर बसते, सून पाठ दाबायला घेते आणि दाब पडला की ढेकर, परत दाबलं की परत ढेकर, कधी कधी पोटरी दाबली तरी ढेकर, असं अर्धा अर्धा तास चालतं. "पोटमा निस्ता गॅस भरेल शे, आंगभर फिरस" हे तिचं स्वतःचंच निदान. शेजारच्या बाया पण माना डोलावतात. सून बिचारी घामाघूम.

आता जरा हिशोब करू. मिनिटाला दहा ढेकर धरा, अर्ध्या तासात झाले तीनशे. एका ढेकरात फक्त 20 मिली हवा धरली तरी 6 लिटर होते. आणि निरोगी माणसाच्या जठरापासून गुदद्वारापर्यंत सगळ्या नळीत मिळून एका वेळी गॅस असतो साधारण 200 मिली, म्हणजे चहाच्या दोन कपांएवढा. भरपेट जेवलेलं जठर सुद्धा दीड लिटरच्या आसपासच ताणतं. मग हे 6 लिटर आले कुठून? पाठीत, पोटरीत तर गॅसची पिशवी नाहीये. स्नायूतून जठरात हवा जायला रस्ताच नाही.

ती हवा बाहेरून येते, आणि ढेकराच्या जेमतेम सेकंदभर आधी येते.

खरा ढेकर असा असतो: घासासोबत, घोटासोबत थोडी थोडी हवा सगळ्यांच्याच पोटात जाते, ती जठराच्या वरच्या भागात जमते, तो भाग ताणला की जठराच्या तोंडाशी असलेली झडप थोडा वेळ सैल पडते आणि हवा वर निघून जाते. दिवसातून असं वीस-तीसदा सगळ्यांनाच होतं, आवाज न होता गेलं तर कळतही नाही. झोपून राहिलं की मात्र जठरातलं पाणी-अन्न त्या झडपेपाशी येतं, हवा मागं अडकते आणि वर यायच्या ऐवजी खाली आतड्यात सरकते. जेवून लगेच आडवं पडणाऱ्यांचं पोट गुडगुडतं त्यातलं एक कारण हे.

मावशीचा ढेकर वेगळा. त्यात छाती-पोटामधला पडदा, म्हणजे श्वासपटल, झटकन खाली ओढलं जातं, श्वासनलिकेचं तोंड बंद असतं, त्यामुळे अन्ननलिकेतला दाब बाहेरच्या हवेपेक्षा कमी होतो आणि घशाकडची झडप उघडून हवा आत खेचली जाते. ती जठरापर्यंत पोचत सुद्धा नाही, लगेच पोटाचे स्नायू आवळले जातात आणि तीच हवा आवाज करत परत बाहेर. डॉक्टर लोक याला सुप्रागॅस्ट्रिक बेल्चिंग म्हणतात, म्हणजे जठराच्या वरच्यावरच होणारा ढेकर. माणूस हे मुद्दाम करत नाही, नाटक तर अजिबातच नाही. पोटात खरंच अस्वस्थ वाटत असतं, ढेकर दिला की दोन क्षण मोकळं वाटतं, मग शरीराला ती सवयच लागते. पाठ दाबताना माणूस श्वास रोखतो, पोट आवळतो आणि ढेकराची वाट बघत असतो, झालं मग सगळं जुळून येतं.

हे नुसतं अंदाजाने सांगितलेलं नाही. नाकातून एक बारीक नळी अन्ननलिकेत सोडतात, तिच्यावर थोड्या थोड्या अंतरावर कड्या असतात आणि त्यांच्यामधला विजेचा अडथळा मोजतात. हवेतून वीज नीट जात नाही, म्हणून हवा कुठून कुठे गेली ते दिसतं. खऱ्या ढेकरात हवेची खूण फक्त खालून वर सरकते. मावशीसारख्या ढेकरात ती आधी वरून खाली जाते आणि एका सेकंदाच्या आत परत वर येते. नेदरलँड्सच्या डॉक्टरांनी 2004 च्या सुमारास अशाच मोजणीतून हा फरक दाखवून दिला.

घरी ओळखायचं तर दोन गोष्टी बघा. माणूस गाढ झोपलाय किंवा गप्पांत, सिरियलमध्ये रंगलाय तेव्हा ढेकर थांबतात का? जठरात खरंच गॅस दाटला असता तर तो गप्पा बघून थांबला नसता. दुसरं म्हणजे दातांमध्ये आडवा पेन धरून तोंड उघडं ठेवायला सांगा, बऱ्याच जणांना मग हवा ओढताच येत नाही आणि ढेकरांची माळ तुटते.

उपाय पण त्यातूनच निघालाय आणि तो गोळी नाही, श्वास आहे. ढेकर यायला लागतोय असं वाटलं की बसायचं, एक हात पोटावर ठेवायचा, ओठ किंचित उघडे, जिभेचं टोक वरच्या दातांच्या मागं, आणि पोट वर येईल असा सावकाश श्वास घ्यायचा, सोडताना त्याहून सावकाश. श्वासपटल एका वेळी एकच काम करू शकतं, सावकाश श्वास चालू असताना त्याला झटका मारता येत नाही. काही आठवडे नेटाने करावं लागतं. पाठ दाबणं मात्र बंद, कारण त्याने सवय अजून पक्की होते (सुनेचे हात वाचतात तो वेगळा फायदा). खायचा सोडा पाण्यात टाकून पिणं पण मला पटत नाही, आम्लाशी सोडा भिडला की कार्बन डायऑक्साइड तयार होतो आणि तोच ढेकर होऊन येतो, म्हणजे गॅस आपणच बनवायचा आणि निघाला म्हणून खुश व्हायचं.

काही लोक मात्र हवा खरोखर गिळतात आणि ती खाली जाते. घाईघाईत जेवणारे, दिवसभर सुपारी-च्युइंगम चघळणारे, ढिली कवळी वापरणारे, बाटलीतला सोडा पिणारे. यांचं पोट सकाळी सपाट असतं आणि संध्याकाळपर्यंत फुगून वाजवलं तर ढोलासारखं वाजतं, एक्सरे काढला तर आतड्यात हवाच हवा दिसते. ही हवा म्हणजे मुख्यतः नायट्रोजन, तो शरीरात फारसा शोषला जात नाही, म्हणून बराचसा खालून बाहेर पडतो आणि त्याला वास नसतो.

रात्री कळण्याची भाकरी आणि उडदाची डाळ हाणली तर सकाळी जे होतं ते वेगळं. कडधान्यांतल्या रॅफिनोज, स्टॅकिओज या साखरा फोडायचं एन्झाइम माणसाकडे नाही, त्या तशाच काही तासांनी मोठ्या आतड्यात पोचतात, तिथले जिवाणू त्या आंबवतात आणि हायड्रोजन, कार्बन डायऑक्साइड, काहींच्यात मिथेन बनवतात. वास मारतो तो त्यातला गंधकवाला अगदी थोडासा भाग. हा गॅस खालूनच निघतो, त्यामुळे ढेकरांचा दोष डाळीवर टाकण्यात फारसा अर्थ नाही. दिवसातून दहा-वीसदा वारा सरणं नॉर्मल आहे.

आता एक गोष्ट गंभीरपणे. छातीत दाबल्यासारखं होतंय, घाम सुटलाय, दुखणं डाव्या हातात किंवा जबड्यात जातंय आणि घरचे "गॅस चढला" म्हणत पाठ चोळत बसलेत, असं झालं तर ढेकर येऊन बरं वाटलं तरी थांबू नका, गाडी काढा आणि ईसीजी करा. आणि वजन आपोआप उतरत असेल, घास अडकत असेल, वारंवार उलट्या होत असतील, संडास काळी किंवा रक्ताची होत असेल, तर तिथे श्वासाचे व्यायाम करत बसायचं नाही, पोटाच्या डॉक्टरकडे जायचं.