संगीतावर नाचणारे बार: चढ वेगळा, उतार वेगळा

गाणं सुरू असताना पडद्यावर वरखाली होणारे रंगीत बार स्वतः करून पाहिले की दोनपैकी एक अडचण हमखास येते. एक तर बार इतके थरथरतात की त्यांच्याकडे बघवत नाही. ती थरथर घालवायला गुळगुळीतपणा वाढवला की ते सुस्तावतात, आणि ढोलाचा ठोका ऐकू येऊन गेल्यावर बार अर्ध्यावर पोहोचलेला दिसतो. अनेकजण या दोन टोकांच्या मध्ये एखादा आकडा शोधत बसतात. तसा एक आकडा सापडत नाही, कारण बारचा चढ आणि बारचा उतार यांच्याकडून आपल्या डोळ्यांच्या अपेक्षाच वेगळ्या असतात.

आधी बारला उंची कुठून मिळते ते पाहू. ध्वनी सेकंदाला ४४,१०० नमुन्यांच्या रूपात येतो असं धरू. ब्राउझरमधला `AnalyserNode` मुळात यातले शेवटचे २,०४८ नमुने उचलतो आणि त्यांवर एफएफटी चालवतो, म्हणजे त्या तुकड्यात कोणती वारंवारता किती जोरात आहे ते मोजतो. त्यातून १,०२४ कप्पे मिळतात आणि प्रत्येक कप्पा साधारण २१.५ हर्ट्झ रुंद असतो. आता आपल्याला ३२ बार हवेत, तर ३२-३२ कप्प्यांची समान वाटणी करावी असं सहज वाटतं. पण मग पहिलाच बार जवळजवळ ६९० हर्ट्झपर्यंतचं सगळं गिळून टाकतो. ढोल, बेस आणि गायकाच्या आवाजाचे मूळ स्वर बहुतेक त्या एका बारमध्येच येतात. उजवीकडचे सोळा बार मात्र ११,००० हर्ट्झच्या वरचे असतात आणि बराच वेळ जमिनीला चिकटून बसतात.

आपला कान वारंवारतेतला फरक बेरजेने मोजत नाही, पटीने मोजतो. १०० वरून २०० हर्ट्झला जाणं आणि २,००० वरून ४,००० हर्ट्झला जाणं, दोन्ही कानाला एकाच सप्तकाची उडी वाटतात. म्हणून पट्टेही पटीने वाढवायचे. ४० ते १६,००० हर्ट्झ ही मर्यादा ३२ पट्ट्यांत वाटली, तर प्रत्येक पट्टा आधीच्या पट्ट्याच्या सुमारे १.२०६ पट वारंवारतेवर सुरू होतो. पहिला ४० ते ४८ हर्ट्झ, शेवटचा सुमारे १३,२७० ते १६,००० हर्ट्झ.

इथे दोन्ही टोकांना वेगवेगळी अडचण उभी राहते. खालच्या टोकाला पहिला पट्टा जेमतेम ८ हर्ट्झचा आणि कप्पा २१.५ हर्ट्झचा. साधारण १०० हर्ट्झपर्यंतचे पहिले पाच पट्टे कप्प्यापेक्षा अरुंद आहेत, त्यामुळे शेजारचे बार एकच कप्पा वाचतात आणि जुळ्यांसारखे एकत्र हलतात. वरच्या टोकाला शेवटच्या पट्ट्यात १२७च्या आसपास कप्पे येतात. त्यांची सरासरी घेतली, तर एकाच कप्प्यातला ठळक स्वर सरासरीत बुडतो: बाकीचे कप्पे शांत असतील, तर ऊर्जेच्या सरासरीत तो तब्बल २१ डेसिबलने खाली जातो. म्हणून पट्ट्यातला सर्वांत मोठा कप्पा घ्यावा असं माझं मत आहे. दिसायला तो जास्त खरा वाटतो. शिवाय बहुतेक संगीतात वरच्या वारंवारतांना ऊर्जा कमी असते, तेव्हा दर सप्तकामागे ३ डेसिबलच्या आसपास उचल दिली की उजवी बाजूही जिवंत होते.

खालच्या टोकाचा उपाय इतका सोपा नाही. २,०४८ ऐवजी ८,१९२ नमुने घेतले, तर कप्पा ५.४ हर्ट्झचा होतो आणि अरुंद पट्टे सुटे होतात. पण ८,१९२ नमुने म्हणजे १८६ मिलिसेकंदांचा ध्वनी. त्यातच `AnalyserNode` हा तुकडा ब्लॅकमन खिडकीतून पाहतो: मधल्या नमुन्यांना पूर्ण वजन, कडांच्या नमुन्यांना जवळजवळ शून्य. नुकताच वाजलेला ठोका तुकड्याच्या अगदी कडेला असतो. तो मध्यावर सरकून पुऱ्या वजनाने मोजला जायला ९३ मिलिसेकंद लागतात, तर २,०४८ नमुन्यांत २३. गुळगुळीतपणाचे सगळे आकडे शून्य करूनही बेसचा बार ठोक्याच्या मागे राहत असेल, तर दोष बहुधा इथे असतो. तडजोड म्हणून खालच्या पट्ट्यांसाठी ४,०९६ नमुन्यांचा वेगळा `AnalyserNode` आणि वरच्यांसाठी २,०४८चा ठेवता येतो. तरीही अगदी डावीकडचे काही बार थोडेफार एकत्र हलणारच, कारण खिडकी प्रत्येक स्वर शेजारच्या कप्प्यांतही पसरवते. वारंवारता बारकाईने पाहायची तर जास्त वेळ ऐकावं लागतं, आणि यातून कोणत्याही युक्तीने सुटका नाही.

आता गुळगुळीतपणा. सर्वांत साधी रीत अशी की दर फ्रेमला जुन्या किमतीचा ८० टक्के भाग आणि नव्या किमतीचा २० टक्के भाग मिसळायचा. `AnalyserNode`चा `smoothingTimeConstant` हेच करतो आणि त्याची मुळातली किंमत ०.८ असते. हे मिश्रण डेसिबलमध्ये बदलण्याआधी करायचं की नंतर, या प्रश्नाकडे फारसं कोणी लक्ष देत नाही. उत्तरावर मात्र बारची सगळी चाल अवलंबून असते.

एक उदाहरण घेऊ. शांततेतून एकदम एक स्वर सुरू झाला आणि तो बारच्या अगदी माथ्यापर्यंत पोहोचण्याइतका मोठा आहे. बारची पूर्ण उंची म्हणजे ७० डेसिबल, कारण `AnalyserNode`ची मुळातली मर्यादा −१०० ते −३० आहे. डेसिबल करून मग मिश्रण केलं, तर पहिल्या फ्रेमला बार २० टक्के उंचीवर, तिसऱ्या फ्रेमला ४९ टक्क्यांवर. छोटा ठोका तोवर संपलेलाही असतो. आता उलट क्रम: आधी मूळ तीव्रतेवर मिश्रण, मग डेसिबल. पहिल्या फ्रेमला तीव्रता ०.२, म्हणजे माथ्याच्या फक्त १४ डेसिबल खाली. ७० डेसिबलच्या बारवर ही ८० टक्के उंची झाली! आकडा तोच ०.८, पण चढ चौपट. उतरताना दर फ्रेमला तीव्रता ०.८ पट होते, म्हणजे १.९४ डेसिबल कमी होतात, आणि पूर्ण बार खाली यायला ३६ फ्रेम लागतात. `AnalyserNode` हाच क्रम वापरतो. म्हणून त्याचे बार काही न करताही बरे दिसतात, आणि डेसिबलच्या किमतींवर स्वतः तेच सूत्र लावणाऱ्याचे बार मरगळलेले दिसतात.

चढ झटपट आणि उतार सावकाश हे तत्त्व नवं नाही. बीबीसीने १९३०च्या दशकात आणलेला शिखरमापक काही मिलिसेकंदांत वर उसळतो आणि २४ डेसिबल खाली यायला मात्र सुमारे २.८ सेकंद घेतो. प्रसारण करणाऱ्याला शिखर चुकवून चालत नाही, आणि काटा वाचायला डोळ्याला वेळ हवा असतो.

`AnalyserNode`च्या मिश्रणात एक खोट उरते. ते सेकंदांना बांधलेलं नसून किमती किती वेळा मागितल्या जातात त्याला बांधलेलं आहे. सेकंदाला ६० फ्रेम दाखवणाऱ्या पडद्यावर ३६ फ्रेमचा उतार ०.६ सेकंदाचा, १४४ फ्रेमच्या पडद्यावर तोच पाव सेकंदाचा. तुमच्या यंत्रावर डौलदार दिसणारे बार दुसऱ्याच्या पडद्यावर फडफडतात ते यामुळे. माझा सल्ला आहे की `smoothingTimeConstant` शून्य करावा आणि चढ-उतार स्वतः, सेकंदांत लिहावा. खालच्या कोडमध्ये `target` म्हणजे पट्ट्याची ० ते १ अशी उंची, डेसिबलवरून काढलेली.

```js
const dt = Math.min((now - last) / 1000, 0.1);
const tau = target > bar[i] ? 0.015 : 0.25;
bar[i] += (target - bar[i]) * (1 - Math.exp(-dt / tau));
```

`now` ही `requestAnimationFrame`कडून मिळणारी मिलिसेकंदांतली वेळ आणि `last` आधीच्या फ्रेमची. चढाला १५ मिलिसेकंद दिल्याने ६० फ्रेमच्या पडद्यावर बार पहिल्याच फ्रेमला ६७ टक्के अंतर कापतो, दुसऱ्यापर्यंत ८९ टक्के. एवढ्या चढात ठोका हरवत नाही आणि एका फ्रेमची दचकही थोडी बोथट होते. `exp` असल्यामुळे फ्रेम कितीही असोत, तेवढ्याच वेळात बार तेवढंच अंतर कापतो. `dt`ला ०.१ची मर्यादा यासाठी की टॅब बदलून परत आल्यावर बारने एकदम खाली उडी घेऊ नये.

पण या उताराच्या आकाराबद्दल मला तक्रार आहे. तो सुरुवातीला सर्वांत वेगवान असतो आणि शेवटी रेंगाळतो. पहिल्या दशांश सेकंदातच बार एक तृतीयांश खाली येतो, म्हणजे डोळ्याने शिखर टिपण्याआधीच शिखर जातं. गुरुत्वाकर्षणासारखा उतार याच्या नेमका उलट वागतो: क्षणभर माथ्यावर टेकतो आणि मग वेग घेत पडतो.

```js
v[i] += g * dt;
bar[i] -= v[i] * dt;
if (target >= bar[i]) {
  const p = Math.min(target, bar[i] + v[i] * dt);
  bar[i] = p + (target - p) * (1 - Math.exp(-dt / 0.015));
  v[i] = 0;
}
```

`g` किती ठेवायचा हे गाण्याच्या लयीवरून काढता येतं. मिनिटाला १२० ठोके असतील, तर दोन ठोक्यांत अर्धा सेकंद. तेवढ्यात बार माथ्यावरून तळाशी यावा, तर ½·g·(०.५)² = १, म्हणजे `g` = ८. पहिल्या दशांश सेकंदात हा बार फक्त ४-५ टक्के खाली येतो. त्याच `g`ने मिनिटाला १७४ ठोक्यांचं गाणं लावलं, तर दोन ठोक्यांतल्या ०.३४५ सेकंदात बार जवळजवळ अर्ध्यापर्यंत येतो आणि पुन्हा उसळतो. ठोका तरीही स्पष्ट दिसतो. `g` २ वर आणला तर तेवढ्या वेळात बार १२ टक्केच उतरेल आणि बेसची बाजू सतत वर अडकलेली वाटेल.

हे आकडे गाणं लावून तपासू नका, गाण्यात एकाच वेळी फार गोष्टी घडतात. अर्ध्या सेकंदाच्या अंतराने एकेक छोटा टिकटिक आवाज असलेली फाइल करा आणि पडदा फोनवर स्लो-मोशनमध्ये, आवाजासकट टिपा. चढ उशिरा दिसला तर आधी नमुन्यांची संख्या कमी करून बघा, आणि त्यानंतरच १५ मिलिसेकंदांना हात लावा. मग स्थिर, लांब स्वर लावा. त्यावर बार थरथरत असेल तर चढाचा काळ ३० मिलिसेकंदांपर्यंत वाढवायला हरकत नाही. शेवटी तीच टिकटिक ३० आणि ६० फ्रेमवर चालवून बार तळाशी पोहोचायला लागणारा वेळ मोजा. दोन्हीकडे तो एका फ्रेमच्या आत जुळत नसेल, तर कुठेतरी अजून एखादा आकडा सेकंदांऐवजी फ्रेममध्ये लिहिलेला राहिला आहे.