ब्रिटनचा विद्यार्थी व्हिसा: विद्यापीठाचा ‘कॅस’ आणि बँकेतील 28 दिवसांचा हिशेब

कोल्हापूर, कागल, पन्हाळा, गडहिंग्लज या भागांतून सप्टेंबरच्या सत्रासाठी ब्रिटनला जाणाऱ्या मुलामुलींचे अर्ज जेव्हा नाकारले जातात, तेव्हा कारण बहुधा गुणवत्तेचे किंवा इंग्रजीचे नसते. पैसे असतात, प्रवेशही असतो, पण पैशांचा पुरावा ज्या स्वरूपात आणि ज्या तारखांना हवा तसा तो नसतो. ऑनलाइन अर्ज, फी आणि पुण्यातील केंद्रावर बोटांचे ठसे देणे या गोष्टी सरळ आहेत. क्षयरोग तपासणीचे प्रमाणपत्र ब्रिटिश सरकारने मान्य केलेल्या केंद्राचेच लागते, ते वेळेत घ्यावे. खरी अडचण दोन कागदांत आहे आणि म्हणून या लेखात त्याच दोन कागदांबद्दल सविस्तर लिहीत आहे.

पहिला कागद विद्यापीठाचा. अनेक पालक ‘ऑफर लेटर’ हेच प्रवेशाचे अंतिम पत्र समजतात, कारण इथल्या बँकेत शैक्षणिक कर्जाची फाइल त्याच पत्रावर उघडली जाते. व्हिसासाठी मात्र ऑफर लेटर, मग ते सशर्त असो वा बिनशर्त, पुरेसे नाही. त्यासाठी विद्यापीठाने दिलेला ‘कॅस’, म्हणजे प्रवेशनिश्चितीची नोंद, लागतो. ही नोंद विद्यापीठ ब्रिटिश गृहखात्याच्या संगणक प्रणालीत करते आणि विद्यार्थ्याला तिचा क्रमांक व तपशील कळवते. तो क्रमांक अर्जात भरावा लागतो. कॅस मिळाल्यापासून 6 महिन्यांच्या आत अर्ज झाला पाहिजे आणि एक कॅस एकाच अर्जासाठी चालतो.

कॅसचा तपशील हाती येताच तो पारपत्र शेजारी ठेवून ओळीने वाचावा. नावाचे स्पेलिंग, पारपत्राचा क्रमांक, अभ्यासक्रमाची सुरुवातीची तारीख आणि एकूण फी या चार गोष्टी तर पाहाव्यातच, पण त्याहून महत्त्वाचा रकाना म्हणजे आतापर्यंत भरलेल्या रकमेचा. तुम्ही भरलेली अनामत रक्कम तिथे दिसत नसेल, तर ती वजा होईल असे गृहीत धरू नये. विद्यापीठाला ई-मेल करून नोंद दुरुस्त करून घ्यावी आणि त्यानंतरच अर्ज भरावा. हा ई-मेल लिहायला पाच मिनिटे लागतात, आणि तो न लिहिल्यामुळे मागे राहिलेली मुले दरवर्षी पाहावी लागतात याचे वाईट वाटते.

आता पैशांचा हिशेब. कॅसवर दाखवलेल्या पहिल्या वर्षाच्या फीपैकी शिल्लक रक्कम आणि राहण्या-खाण्याचा जास्तीत जास्त 9 महिन्यांचा खर्च, अशी बेरीज दाखवावी लागते. 11 नोव्हेंबर 2025 पासून हा खर्च लंडनमध्ये दरमहा 1,529 पौंड आणि लंडनबाहेर 1,171 पौंड धरला जातो. हे दर अधूनमधून बदलतात, त्यामुळे अर्जाच्या आठवड्यात gov.uk या संकेतस्थळावर ते पुन्हा पाहावेत.

एक उदाहरण घेऊ. विद्यापीठ लंडनबाहेरचे आहे, वर्षाची फी 17,000 पौंड आणि त्यातले 4,000 भरलेले आहेत. शिल्लक फी 13,000 पौंड, नऊ महिन्यांचा खर्च 10,539 पौंड, म्हणजे एकूण 23,539 पौंड. पौंडाचा दर 118 रुपये धरला, तर ही रक्कम सुमारे 27 लाख 78 हजार रुपये होते. मुलीच्या नावावर 15 लाखांचे शैक्षणिक कर्ज मंजूर आहे, म्हणून उरलेले 12 लाख 78 हजार वडिलांच्या खात्यात दाखवायचे आहेत. वडिलांनी 10 जूनला 13 लाख रुपये खात्यात जमा केले.

नियम असा की ही रक्कम सलग 28 दिवस खात्यात राहिली पाहिजे आणि त्या काळात एकाही दिवशी शिल्लक आवश्यक रकमेच्या खाली जाता कामा नये. सरासरी शिल्लक पाहिली जात नाही. 10 जून हा पहिला दिवस धरला तर 7 जुलैला 28 दिवस पूर्ण झाले असते. परंतु पेरणीच्या दिवसांत खतांसाठी वडिलांनी 22 जूनला 50,000 रुपये काढले आणि 25 जूनला परत भरले. शिल्लक 12 लाख 50 हजारांवर आली आणि आधीचे सगळे दिवस वाया गेले. आता मोजणी 25 जूनपासून नव्याने सुरू होते आणि 22 जुलैला संपते. तीन दिवसांच्या व्यवहाराने पंधरवडा गेला. म्हणून ज्या खात्यातून घरखर्च, शेतीचा खर्च किंवा कर्जाचे हप्ते जातात ते खाते या कामासाठी वापरूच नये, वेगळे खाते काढावे.

दुसरी तारीख याहून अधिक चुकीची वाचली जाते. 28 दिवसांचा शेवटचा दिवस अर्जाच्या तारखेच्या आधी 31 दिवसांपेक्षा जुना नसावा, आणि अर्जाची तारीख म्हणजे पुण्याला जाण्याची तारीख नव्हे, तर ऑनलाइन व्हिसा फी भरण्याची तारीख. आपल्या उदाहरणात 22 जुलैपर्यंतचे खाते उतारे घेतले, तर फी 22 ऑगस्टपर्यंत भरली पाहिजे. पेच असा की अनेक विद्यापीठे कॅस देण्याआधी स्वतःच हा 28 दिवसांचा पुरावा मागतात. विद्यार्थी तो पाठवतो, विद्यापीठ पसंत करते, कॅस 28 ऑगस्टला येतो आणि विद्यार्थी विश्वासाने तोच उतारा व्हिसाच्या अर्जाला जोडतो. विद्यापीठाने मान्य केलेला कागद व्हिसा अधिकाऱ्याकडे शिळा झालेला असतो. म्हणून कॅस येईपर्यंत पैशांना हात लावू नये आणि अर्जाच्या एक-दोन दिवस आधी बँकेतून ताजा उतारा घ्यावा. पैसे तसेच असतील तर त्यात 28 दिवस आपोआप मिळतात.

रकमेत थोडी वाढ ठेवणेही आवश्यक आहे. रुपयांचे पौंडात रूपांतर अर्जाच्या दिवशीच्या oanda.com वरील दराने केले जाते. वरच्या उदाहरणात दर 118 वरून 121 झाला, तर लागणारी रक्कम 28 लाख 48 हजारांच्या पुढे जाते आणि 15 लाखांचे कर्ज व 13 लाखांची शिल्लक मिळूनही अर्ज कमी पडतो. किमान लाखभर रुपये जास्त असावेत असे मी प्रत्येकाला आग्रहाने सांगतो.

पैसे कोणाच्या खात्यात चालतात हा आपल्याकडे सर्वांत नाजूक प्रश्न आहे. विद्यार्थ्याचे स्वतःचे, आई-वडिलांचे किंवा न्यायालयाने नेमलेल्या कायदेशीर पालकाचे खाते चालते. चुलते, मामा, आजोबा किंवा नोकरी करणारा थोरला भाऊ यांचे खाते चालत नाही, मग त्यांचे प्रतिज्ञापत्र कितीही मोठ्या रकमेच्या मुद्रांकावर केलेले असो. एकत्र कुटुंबात वाढलेल्या मुलाला चुलते खर्च करणार हे आपल्याला स्वाभाविक वाटते, पण नियमात त्याला जागा नाही. त्यांना मदत करायची असेल तर रक्कम वडिलांच्या किंवा विद्यार्थ्याच्या खात्यात वेळेवर वळती करून तिथे 28 दिवस राहू द्यावी, आणि ती कुठून आली याचा कागदही जपून ठेवावा.

तसेच पतसंस्थेतील ठेवीवर विसंबू नये. वित्तसंस्था तिच्या देशातील योग्य नियामकाच्या देखरेखीखाली असली पाहिजे, तिच्या नोंदी संगणकीकृत असल्या पाहिजेत आणि अधिकाऱ्याला त्या पडताळून पाहता आल्या पाहिजेत, अशी अट आहे. पतसंस्था सहकार खात्याच्या निबंधकांकडे नोंदलेल्या असतात, रिझर्व्ह बँकेच्या परवान्यावर चालणाऱ्या बँका नसतात. आपल्या जिल्ह्यात कुटुंबाची आयुष्यभराची बचत अनेकदा तिथेच असते, त्यामुळे ती रक्कम मे महिन्यातच बँकेत आणावी. सात-बारा, घराचे मूल्यांकन, सोने, शेअर, भविष्य निर्वाह निधी आणि अजून न मिळालेले ऊसबिल यांपैकी काहीही या हिशेबात धरले जात नाही. लागेल तेव्हा काढता येण्याजोगे पैसेच धरले जातात. मुदत ठेव चालते, पण ती मोडता येण्याजोगी असावी आणि बँकेचे तसे पत्र असावे.

आई-वडिलांचे खाते दाखवताना त्यांचे संमतीपत्र आणि नाते सिद्ध करणारा जन्मदाखला लागतो, आणि हा जन्मदाखला म्हणजे खरे अवघड जागेचे दुखणे. कित्येकांच्या दाखल्यावर बाळाचे नावच नसते, कारण नोंद बारशाआधी झालेली असते. कोठे आईचे माहेरचे नाव असते, कोठे पारपत्रावर वडिलांचे नाव वेगळ्या स्पेलिंगने असते. शाळा सोडल्याचा दाखला किंवा आधार कार्ड त्याची जागा घेत नाही. ग्रामपंचायतीत किंवा महानगरपालिकेच्या जन्म-मृत्यू नोंदणी विभागात दुरुस्तीसाठी खेटे घालावे लागतात, ‘साहेब रजेवर आहेत’ हे उत्तर ऐकावे लागते, आणि त्यात आठवडे जातात. एका सहीसाठी मुलांचे सत्र टांगणीला लागते याची जाणीव त्या टेबलांवर असायला हवी. तोपर्यंत आपल्या हातात एवढेच आहे की प्रवेशाचा अर्ज करतानाच दाखला काढून पाहावा. दाखला फक्त मराठीत असेल तर इंग्रजी भाषांतर जोडावे आणि त्यावर भाषांतर अचूक असल्याचे विधान, तारीख, भाषांतरकाराचे नाव, सही व संपर्क असावा.

शेवटी कर्जाचे पत्र. कर्ज विद्यार्थ्याच्या नावे, शैक्षणिक कर्ज योजनेतील असावे, पत्र अर्जाच्या तारखेपूर्वी 6 महिन्यांच्या आतील असावे आणि रक्कम प्रवासापूर्वी उपलब्ध होईल हे त्यातून स्पष्ट व्हावे. आपल्या बँकांच्या ठराविक मंजुरीपत्रात मात्र ‘तारण नोंदणी पूर्ण झाल्यावर’, ‘मार्जिन रक्कम भरल्यावर’, ‘बँकेच्या इच्छेनुसार’ अशा अटी छापलेल्या असतात. व्हिसा मिळण्याखेरीज दुसरी कोणतीही अट त्या पत्रात चालत नाही. त्यामुळे गहाणखत आणि बाकीच्या औपचारिकता आधी पूर्ण करून, व्हिसासाठी वेगळे पत्र शाखाधिकाऱ्यांकडून मागावे. ते छापील नमुन्याबाहेर जायला सहसा नाखूश असतात, म्हणून मजकुराची मागणी लेखी अर्जाने करावी आणि पोच घ्यावी.

एवढे करूनही अर्ज नाकारला गेला, तर निर्णयात अधिकाऱ्याची चूक असल्यास 28 दिवसांत प्रशासकीय फेरतपासणी मागता येते, पण त्यात राहून गेलेला कागद नव्याने जोडता येत नाही. कागदच कमी असेल तर नवा अर्ज, नवी फी आणि नवा कॅस लागतो. अशा वेळी सर्वांत आधी विद्यापीठाला नकारपत्र पाठवून दोन गोष्टी विचारून घ्याव्यात: या सत्रात उशिरात उशिरा कोणत्या तारखेपर्यंत हजर होता येईल, आणि तोपर्यंत जमणार नसेल तर भरलेल्या पैशांसह प्रवेश पुढच्या सत्रात नेता येईल का.