काकांच्या गालावरचा तीळ एआय का खातो?

सोलापुरात सात रस्त्यावर उभं राहिलं की वाढदिवसाचे चार फ्लेक्स तरी दिसतातच, आणि हल्ली त्यातले बरेच फोटो एआयवर बनवलेले, फेटा बांधलेला, मागे सूर्योदय वगैरे. चेहरा जुळतो पण घरचे बघितल्या बघितल्या म्हणतात, "हे आमचे काका नाहीत वाटत." का, तर गालावरचा तीळ गेलेला असतो. डिझायनर सांगतो, "मावशी, एआयनं ब्युटी फिल्टर लावलाय." बहुतेक वेळा असा काही फिल्टर नसतोच, तीळ त्याच्या बऱ्याच आधी हरवलेला असतो.

कसा ते बघू. स्टेबल डिफ्यूजनसारखी चित्रं बनवणारी मॉडेल्स थेट पिक्सेलवर काम करत नाहीत, आधी फोटो दाबून छोटा करतात. ८ बाय ८ पिक्सेलचा एक चौकोन म्हणजे तिथं एकच खण, आणि त्या खणात जुन्या मॉडेलमध्ये फक्त ४ आकडे. आता हिशोब करा. १०२४ पिक्सेलच्या फोटोत काका कमरेपर्यंत आहेत, चेहऱ्याची रुंदी समजा १६० पिक्सेल. खरा चेहरा साधारण १४ सेंटीमीटर रुंद, तीळ ४ मिलिमीटरचा, म्हणजे फोटोत तो साडेचार पिक्सेल भरतो. एका खणाचा जेमतेम पाव भाग! उरलेल्या पाऊण भागात नुसती कातडी, मग परत फोटो उलगडताना तीळ फिकट डाग होतो नाहीतर जातोच.

दुसरी चाळणी चेहरा ओळखणाऱ्या भागाची. रेफरन्स फोटोवरून चेहरा उचलणारी बरीच टूल्स चेहऱ्याचे ५१२ आकडे काढतात, आणि तेही बऱ्याचदा ११२ बाय ११२ पिक्सेलच्या तुकड्यावरून. हे आकडे काढायला शिकवतानाच असं शिकवलेलं असतं की दाढी वाढली, उजेड बदलला, पुटकुळी आली तरी माणूस तोच. म्हणजे तीळ विसरणं हा त्याचा दोष नाही, तेच त्याचं काम आहे. म्हणून "९९ टक्के फेस मॅच" अशा जाहिरातींना भुलू नका, तीळ पुसला तरी तो आकडा फारसा हलत नाही.

नेमकं कुठं हरवलं ते शोधायचं असेल तर मूळ फोटो नुसता दाबून परत उलगडून बघायचा, मधे काही बनवायचंच नाही. कम्फीयूआय या चित्रं बनवायच्या प्रोग्रॅममध्ये `VAE Encode` आणि त्याला लगेच `VAE Decode` जोडलं की झालं. इथंच तीळ गेला तर प्रॉम्प्टमध्ये "गालावर तीळ" दहा वेळा लिहून उपयोग नाही, त्याला जागाच नाहीये.

उपाय म्हणजे तिळाला जागा द्यायची. बनलेल्या चित्रातून चेहऱ्याचा २५६ पिक्सेलचा चौकोन कापायचा आणि चौपट मोठा करायचा, आता तीळ १८ पिक्सेलचा, दोन खणांपेक्षा जास्त. मग मूळ फोटोतला खरा तीळ कापून तिथं चिकटवायचा, भोवती थोडी कातडी धरून मास्क काढायचा आणि तेवढाच भाग मॉडेलमधून परत चालवायचा, पण चित्र किती बदलायचं ते ठरवणारा `denoise` हा आकडा कमी, म्हणजे ०.२ ते ०.३ ठेवून. कडा मिसळतात, तीळ राहतो. ०.६ वर नेलं की परत गायब, कारण मॉडेल आधी चित्रावर नॉइज ओततं आणि त्यात बारीक गोष्टी पहिल्यांदा बुडतात, नाक जबडा वगैरे मोठे आकार शेवटपर्यंत तरंगतात. नंतर चौकोन परत चित्रात बसवायचा आणि त्यानंतर चेहरा आपोआप साफ करणारं फेस रिस्टोअर बंद, नाहीतर केलेलं सगळं पुसतं.

लासं मात्र वेगळं. अर्ध्या गालाएवढं असलं तर खणात बसतं, पण मॉडेलला ती सावली नाहीतर लालसर उजेड वाटतो आणि ते रंग सारखा करून टाकतं, इथं प्रॉम्प्टमध्ये लिहिल्याचा फायदा होतो. (ग्रहणात आईनं भाजी चिरली म्हणून लासं आलं असं अजून सांगतात लोक, तसं काही नसतं, लासं लाल असलं तर बऱ्याचदा तिथं कातडीतल्या रक्तवाहिन्याच रुंद असतात.) खोलगट व्रणाची अडचण तिसरीच, तो दिसतो त्यातल्या सावलीमुळं, म्हणून मूळ फोटोत उजेड डावीकडून आणि नव्यात उजवीकडून असेल तर चिकटवलेला व्रण उलटा, फुगलेला दिसतो. तिथं सावलीची बाजू हातानं बदलावी लागते.

आणि बाजू तपासाच. सेल्फी बरेचदा आरशासारखी उलटी सेव्ह होते, शिवाय काकांच्या पाच-पंधरा फोटोंवर लोरा, म्हणजे मॉडेलला काकांचा चेहरा शिकवणारी छोटी जोड-फाइल, ट्रेन करताना फोटो आरशासारखे उलटवणारा फ्लिपचा पर्याय चालू राहिला तर तीळ कधी डाव्या गालावर येतो, कधी उजव्या, कधी दोन्हीकडं पुसट. ट्रेनिंग सुरू करायच्या आधी तो बंद करायचा.