उत्तरांची यादी आणि उत्तरांची वाटणी: ‘कोण आलं?’ या प्रश्नाचे दोन हिशोब

‘बैठकीला कोण आलं?’ हे वाक्य खरं की खोटं, असं कुणी विचारत नाही. ‘मीना आली’ हे विधान खरं किंवा खोटं ठरतं, प्रश्न ठरत नाही. मग प्रश्नाला अर्थ असतो म्हणजे काय असतं? अर्थविज्ञानात रुळलेलं उत्तर असं की प्रश्नाचा अर्थ म्हणजे त्याच्या संभाव्य उत्तरांचा संच. प्रश्न समजायला त्याचं उत्तर ठाऊक असावं लागत नाही. उत्तर म्हणून काय चालेल, एवढं कळलं की झालं.

गोंधळ यापुढे होतो. ‘संभाव्य उत्तरांचा संच’ हे शब्द दोन वेगळ्या गोष्टींसाठी वापरले जातात, आणि ‘राजू आला का?’ अशा हो-नाही प्रश्नांत दोन्हींचा हिशोब एकच येतो. एक उत्तर ‘आला’, दुसरं ‘नाही आला’, संपलं. फरक दिसतो तो ‘कोण’सारख्या प्रश्नांत. म्हणून एक छोटं उदाहरण धरू. बैठकीला येण्यासारखी माणसं दोनच, मीना आणि राजू. तेव्हा परिस्थिती चारच संभवतात: दोघं आली, फक्त मीना आली, फक्त राजू आला, कुणीच आलं नाही.

पहिला हिशोब चार्ल्स हॅम्ब्लिनचा, 1973 च्या लेखातला. त्याच्या मते ‘कोण आलं?’चा अर्थ म्हणजे ‘मीना आली’ आणि ‘राजू आला’ या दोन विधानांची यादी. ‘कोण’च्या जागी एकेक नाव ठेवत जायचं, इतकं ते साधं आहे. ही विधानं एकमेकांना वगळत नाहीत; दोघं आली असतील तर दोन्ही खरी, कुणीच आलं नसेल तर दोन्ही खोटी. 1977 मध्ये लॉरी कार्टुनेनने यात बदल सुचवला: यादीत संभाव्य उत्तरं नकोत, त्या त्या परिस्थितीत खरी असलेली तेवढीच घ्या.

दुसरा हिशोब ॲमस्टरडॅमच्या येरून ग्रोनेनडाइक आणि मार्टिन स्टोकहॉफ यांचा, 1980 च्या दशकातला. त्यांच्या मते प्रश्न म्हणजे सगळ्या शक्य परिस्थितींची वाटणी. ज्या परिस्थितींत प्रश्नाचं संपूर्ण उत्तर एकच येतं, त्या एका कप्प्यात. आपल्या उदाहरणात कप्पे चार होतात. प्रत्येक कप्पा म्हणजे एक पुरतं उत्तर, आणि दोन कप्पे कधीच एकमेकांत मिसळत नाहीत. इथे ‘मीना आली’ हा कप्पा नाही. ‘मीना आली आणि राजू आला नाही’ हा कप्पा आहे.

एखादं वाक्य उत्तर ठरतं की नाही, हे जोखायचं तर वाटणी फार कामाची. नियम सोपा आहे: उत्तराने कप्पे रद्द व्हायला हवेत. एकच कप्पा उरला तर उत्तर पूर्ण, काही रद्द होऊन एकाहून जास्त उरले तर अपुरं, एकही रद्द झाला नाही तर ते उत्तरच नव्हे. ‘मीना आली’ म्हटल्यावर दोन कप्पे जातात, दोन उरतात. (बोलताना आपण त्याचा अर्थ ‘फक्त मीना’ असा घेतो खरा, पण ती ऐकणाऱ्याने घातलेली भर.) ‘राजू परगावी आहे’ हे वाक्य हॅम्ब्लिनच्या यादीत कुठेच नाही. तरी परगावचा माणूस बैठकीला येऊ शकत नाही एवढं धरलं, की राजू आल्याचे दोन्ही कप्पे रद्द होतात आणि आडून दिलेलं उत्तरही अपुरं उत्तर म्हणून नोंदवता येतं. ‘बाहेर पाऊस पडतोय’ने काहीच रद्द होत नाही.

खरी परीक्षा मात्र प्रश्न दुसऱ्या वाक्याच्या पोटात शिरला की होते: ‘कोण आलं हे सुधाला माहीत आहे.’ समजा, प्रत्यक्षात फक्त मीना आली. मीना आल्याचं सुधाला माहीत आहे. राजूचं तिला काहीच ठाऊक नाही. कार्टुनेनच्या हिशोबाने खरी उत्तरं सगळी तिच्याकडे आहेत, म्हणजे वाक्य खरं. याला दुर्बळ परिपूर्णता म्हणू. वाटणीच्या हिशोबाने तिला कप्पा माहीत हवा, म्हणजे राजू आला नाही हेही माहीत हवं, म्हणून वाक्य खोटं. ही सबळ परिपूर्णता. ‘माहीत असणे’च्या बाबतीत पहिल्या नजरेत तरी कौल दुसऱ्या बाजूला पडतो. शिवाय कुणीच आलं नसेल तेव्हा कार्टुनेनची यादी रिकामी, आणि रिकामी यादी कुणालाही फुकटात माहीत असते! ही अडचण त्याच्याही लक्षात होती; त्यासाठी त्याला ‘माहीत असणे’च्या अर्थात वेगळं कलम घालावं लागलं.

एवढ्यावरून वाटणी जिंकली असं वाटेल. तसं नाही. 1994 मध्ये आयरीन हाइमने दाखवलं की यादी हातात असेल तर वाटणी तयार करता येते. चारही परिस्थितींत खऱ्या उत्तरांची यादी लिहा: पहिलीत दोन्ही विधानं, दुसरीत फक्त मीनाचं, तिसरीत फक्त राजूचं, चौथीत काहीच नाही. ज्यांच्या याद्या सारख्या त्या परिस्थिती एकत्र ठेवा. चार याद्या वेगळ्या, म्हणून चार कप्पे. झाली वाटणी.

उलटा प्रवास मात्र जमत नाही, आणि माझ्या मते सगळ्या वादातला सर्वांत निर्णायक मुद्दा हाच आहे. ‘कोण आलं नाही?’ या प्रश्नाची वाटणी करून पाहा. कप्पे तेच चार येतात, कारण कोण आलं हे पुरतं कळलं की कोण आलं नाही हेही कळतं. म्हणजे वाटणीच्या लेखी हे दोन प्रश्न एकच. आता सुधाची अपेक्षा दोघंही येतील अशी होती आणि फक्त मीना आली, असं समजा. ‘कोण आलं नाही याचं सुधाला आश्चर्य वाटलं’ हे खरं. ‘कोण आलं याचं सुधाला आश्चर्य वाटलं’ हे खरं नाही. मीना येणारच होती. प्रश्नांचा अर्थ एकच असता तर ही दोन वाक्यं सोबतच खरी किंवा खोटी ठरली असती. यादीला हा फरक दिसतो: एकीकडे ‘मीना आली’ हे खरं उत्तर आहे, दुसरीकडे ‘राजू आला नाही’.

म्हणून ‘आश्चर्य वाटणे’ थेट यादीतल्या खऱ्या उत्तरांकडे पाहतं, आणि ‘माहीत असणे’ त्या यादीवरून तयार केलेल्या वाटणीकडे, असं मांडता येतं. पण ‘माहीत असणे’चंही प्रकरण इथे मिटत नाही. समजा दोन सुधा आहेत, आणि मीना आल्याचं दोघींनाही माहीत आहे. राजू आलाच नव्हता, पण पहिल्या सुधाची पक्की समजूत आहे की तोही आला. दुसऱ्या सुधाला राजूबद्दल काहीच कल्पना नाही. सबळ परिपूर्णता दोघींनाही सारखीच नापास करते, दुर्बळ परिपूर्णता दोघींनाही पास. पहिलीला ‘माहीत आहे’ म्हणायला बहुधा कुणी धजणार नाही, दुसरीबद्दल मात्र लोक कचरतात. त्यामुळे मधला एक अर्थ पुढे आला: खरी उत्तरं सगळी माहीत हवीत, आणि यादीतल्या खोट्या उत्तरावर विश्वास नको. ‘यादीतलं खोटं उत्तर’ असं म्हणायला मुळात यादी लागते; कप्प्यांतून ती वाचता येत नाही.

आणि काही प्रश्नांना परिपूर्णता मुळी नकोच असते. ‘हे यंत्र कोण दुरुस्त करू शकेल हे सुधाला माहीत आहे’ म्हणताना तिला एक योग्य माणूस ठाऊक असला तरी पुरतं. उरलेल्यांपैकी कुणाला जमणार नाही याची मोजदाद कुणी मागत नाही. यादीत हे बसतं, एक खरं विधान उचललं की काम भागलं. वाटणी मात्र इथेही सगळ्यांचा हिशोब मागते.