लॉसलेस व स्पेशियल संगीत श्रेणी

स्ट्रीमिंग सेवांमधल्या वरच्या दर्जाच्या दोन श्रेणी. जाहिरातीत त्या जोडीने झळकतात, त्यामुळे एकाच गोष्टीची दोन नावे असावीत असे वाटते. प्रत्यक्षात लॉसलेसचा संबंध ध्वनीची प्रत किती तंतोतंत आहे याच्याशी आहे, तर स्पेशियलचा संबंध आवाज कुठून येतो असे वाटते याच्याशी. ॲपल म्युझिकने जून २०२१ मध्ये दोन्ही जादा पैसे न आकारता दिल्या, म्हणून इथे तेच उदाहरण घेतले आहे.

सीडीवर डाव्या आणि उजव्या बाजूचे सेकंदाला प्रत्येकी ४४,१०० नमुने असतात आणि प्रत्येक नमुना १६ बिटचा असतो. गुणाकार केला तर सेकंदाला सुमारे १,४११ किलोबिट होतात. लॉसलेस फाइल झिपसारखी दाबून लहान केलेली असते. उघडल्यावर एकही बिट कमी भरत नाही. नेहमीच्या २५६ किलोबिटच्या एएसी फाइलमध्ये मात्र मोठ्या आवाजाखाली झाकला जाणारा बारीक आवाज कायमचा गाळलेला असतो.

हा फरक कानाला कळतो का? बिटरेट, म्हणजे सेकंदाला खर्च होणारे बिट, फार उतरला तर नक्की कळतो. ताशाच्या काडीच्या आधी क्षणभर खरखर उमटते आणि टाळांचा झणत्कार पाण्यातून आल्यासारखा होतो. २५६ किलोबिटला असे दोष क्वचितच सापडतात. स्वतः तपासायचे तर एकाच फाइलच्या दोन प्रती सारख्या मोठेपणाने, नावे झाकून, निदान पंधरा-वीस वेळा ओळखून पाहाव्यात. नावे दिसत असली की कान डोळ्यांचे ऐकतो. सीडीच्याही पुढच्या 'हाय-रेझ'ची बाजू आणखी लंगडी आहे. मायर आणि मोरान यांच्या २००७ च्या चाचणीत हाय-रेझ ध्वनी आणि तोच ध्वनी सीडीच्या दर्जाला उतरवून ऐकवला गेला. ५५४ प्रयत्नांत २७६ उत्तरे बरोबर आली, म्हणजे नाणे उडवल्यासारखीच. लॉसलेसचा खरा उपयोग संग्रहाला आहे: मूळ प्रत शाबूत असली की पुढे हव्या त्या स्वरूपात बदलता येते. ७८ फेऱ्यांच्या तबकडीवरचे नाट्यगीत लॉसलेस केले, तर सुईची खसखस तेवढी इमानाने जपली जाते.

स्पेशियलचा फरक मात्र कोणालाही कळतो; तो आवडेलच असे नाही. त्यामागच्या डॉल्बी ॲटमॉस या तंत्रात वाद्ये डाव्या-उजव्यापुरती बांधलेली नसतात, ती श्रोत्याभोवती आणि डोक्यावरही ठेवता येतात. साध्या हेडफोनवर हा भास गणिताने तयार केला जातो: उजवीकडचा आवाज डाव्या कानाला किंचित उशिरा आणि वेगळ्या रंगाने पोहोचतो, त्याचे ते अनुकरण असते. कानांची ठेवण माणसागणिक वेगळी असल्याने कोणाला तो भास पटतो, कोणाला गायक न्हाणीघरात उभा असल्यासारखा वाटतो. शिवाय ॲटमॉस हे वेगळे मिश्रण असते आणि बहुधा स्टीरिओपेक्षा हळू आवाजात वाजते. तुलना करताना आवाज जुळवून घेतला नाही, तर मोठे वाजणारेच चांगले वाटते. आणि गंमत अशी की स्ट्रीमिंगवरचे ॲटमॉस लॉसलेस नसते. ते सुमारे ७६८ किलोबिटचे, गाळलेले असते. ॲटमॉस चालू असताना त्या गाण्याचा लॉसलेस स्टीरिओ वाजत नाही.

उपकरणांची साखळी तिच्या सर्वांत अरुंद दुव्याइतकीच चालते. समजा, आयफोनवर २४ बिट, १९२ किलोहर्ट्झ, म्हणजे सेकंदाला १,९२,००० नमुन्यांचे हाय-रेझ निवडले आणि कानात ब्ल्यूटूथ इअरबड्स घातले. फोन ती फाइल उतरवतो, उघडतो आणि पुन्हा एएसीत दाबून हवेतून पाठवतो. डेटा हाय-रेझचा जळतो, कानाला लॉसी, म्हणजे गाळलेली प्रत मिळते. अँड्रॉइडवरचे एलडॅक हे ब्ल्यूटूथसाठी ध्वनी दाबण्याचे तंत्र ९९० किलोबिटपर्यंत जाते, पण तेही लॉसीच. ॲपलचा ३.५ मिमी जॅकचा छोटा ॲडाप्टर २४ बिट, ४८ किलोहर्ट्झपर्यंत पुरतो. त्यापुढे बाहेरचा डॅक, म्हणजे आकड्यांचे ध्वनीच्या विद्युत लहरींत रूपांतर करणारे उपकरण लागते. ॲटमॉसला मात्र ब्ल्यूटूथ चालते.

ॲपलच्या अंदाजाने तीन मिनिटांचे गाणे २५६ किलोबिटला ६ एमबी, ४८ किलोहर्ट्झ लॉसलेसला ३६ एमबी आणि १९२ ला १४५ एमबी होते. वेगाच्या हिशेबात शेवटचे दोन सेकंदाला अनुक्रमे दीड आणि साडेसहा मेगाबिटच्या आसपास येतात, जे बऱ्या फोर-जीला जड नाही. अडचण कोट्याची आहे: रोजचा दीड जीबी १९२ वर जेमतेम दहा गाण्यांत, म्हणजे अर्ध्या तासात संपतो, ४८ वर दोन तास पुरतो. म्हणून मोबाइल डेटा, वायफाय आणि डाउनलोड यांचा दर्जा सेटिंग्जमध्ये वेगवेगळा ठेवता येतो. लोकलमध्ये २५६ आणि घरी वायफायवर लॉसलेस, अशी वाटणी बहुतेकांना पुरते. डब्याच्या खडखडाटात तसाही तो फरक बुडालेलाच असतो.